नंबर खरा, माणूस भलताच : एका प्रतिक्रियेला उत्तर

"लेख वाचून हसू आलं. जीएसटी नंबर बघा, पत्ता बघा, मग ॲडव्हान्स टाका, असं तुम्ही लिहिलंत. मी सगळं बघितलं होतं. नंबर ॲक्टिव्ह होता, पोर्टलवर व्हेरिफाइडचा शिक्का होता, तरी दोन लाख गेले. आणि तपासत बसलो तर माल दुसराच उचलतो. लेख लिहिणं सोपं आहे, धंदा करणं नाही." – मालेगावहून एक वाचक

भाऊ, पैसे कधी गेले ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून आधी तेच. दोन-चार दिवसांतली गोष्ट असेल तर पुढचं वाचण्याआधी 1930 ला फोन लावा आणि cybercrime.gov.in वर तक्रार टाका. व्यवहाराचा यूटीआर नंबर, म्हणजे बँकेच्या पावतीवरचा व्यवहार क्रमांक, हाताशी ठेवा. रक्कम समोरच्या खात्यातून पुढे सरकली नसेल तर ती तिथेच रोखता येते. ती दोन-तीन खाती फिरली की फार काही हाती लागत नाही. महिने उलटले असले तरी तक्रार कराच, कारण त्याच खात्यावर इतर कुणाचीही तक्रार असू शकते.

आता माझ्या लेखाबद्दल. "स्टेटस ॲक्टिव्ह दिसलं की पुढे जायला हरकत नाही" हे वाक्य माझंच आहे आणि ते चुकीचं आहे. लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर रद्द झालेल्या नंबरावर माल विकणारे होते. तसे असतात, पण ॲडव्हान्स खाणारा बहुतेक वेळा रद्द नंबर वापरतच नाही. तो दुसऱ्या कुणाचा तरी चांगला चालू नंबर उचलतो. जीएसटी नंबर काही गुपित नसतो. दुकानाच्या पाटीवर असतो, प्रत्येक बिलावर असतो, गल्ल्यावर टांगलेल्या प्रमाणपत्रावर तर पत्त्यासकट असतो. म्हणजे "हा नंबर खरा आहे का" याचं उत्तर हो येणारच. विचारायचं ते वेगळंच असतं : फोनवर बोलणारा माणूस या नंबराचा मालक आहे का?

माझाच एक व्यवहार सांगतो. जळगाव एमआयडीसीत माझं चटईचं छोटं युनिट आहे. रिप्रोसेस पीपी दाणा, म्हणजे जुनं प्लास्टिक वितळवून केलेला दाणा लागतो, तोही सतत. त्या आठवड्यात माझे नेहमीचे दोन्ही सप्लायर किलोला 80-82 सांगत होते. घाऊक खरेदी-विक्रीच्या पोर्टलवर चौकशी टाकल्यावर अर्ध्या तासात गुजरातच्या एका पार्टीचा फोन आला. भाव 68, 10 टन तयार, गाडी उद्या लोड. माणूस गोड बोलणारा आणि दाण्यातलं कळणारा होता. एमएफआय, म्हणजे वितळल्यावर वाहण्याचं माप किती, वास येतो का, ओलावा किती, सगळी उत्तरं बरोबर. प्रोफॉर्मा आला : 6,80,000 अधिक 18 टक्के जीएसटी 1,22,400, एकूण 8,02,400 रुपये. ॲडव्हान्स 2,40,000, बाकी माल उतरल्यावर.

नंबर 24 ने सुरू होत होता, म्हणजे गुजरात. ते जुळलं. पहिल्या दोन अंकांनंतरची दहा अक्षरं म्हणजे त्या मालकाचा पॅन. पॅनचं चौथं अक्षर, म्हणजे पूर्ण नंबरातलं सहावं, P असेल तर तो एका व्यक्तीचा पॅन, धंदा प्रोप्रायटरी. C असेल तर कंपनी, F असेल तर भागीदारी. इथे P होतं. P असलं की त्याच्या पुढचं अक्षर आडनावाचं पहिलं अक्षर असतं, आणि ते होतं J. फोनवरचा गृहस्थ स्वतःला मालक म्हणवत होता आणि त्याचं आडनाव 'प' वरून होतं. एवढ्यावर कुणी चोर ठरत नाही, पण मी खुर्चीत जरा सरळ बसलो.

मग gst.gov.in वर Search Taxpayer मध्ये नंबर टाकला. स्टेटस ॲक्टिव्ह, नोंदणी चांगली सहा वर्षं जुनी, खाली Show Filing Table दाबलं तर रिटर्न वेळेवर. तुम्हीही हेच बघितलं असणार. पण त्याच पानावर माल कोणता विकतो त्याचे एचएसएन कोड असतात, तिकडे फारसं कुणी बघत नाही. तिथे 5407 होता. हा सिंथेटिक कापडाचा कोड. प्लास्टिकचा दाणा 39 ने सुरू होणाऱ्या कोडात येतो. आता खरं सांगायचं तर हे कोड नोंदणीच्या वेळी सीएने भरलेले असतात, नंतर धंदा वाढला तरी कुणी बदलत नाही. माझ्या स्वतःच्या नोंदणीत जुने दोन कोड तसेच राहिलेत. त्यामुळे कोड जुळला नाही म्हणून मी नाही म्हटलं नाही, फक्त विचारलं. उत्तर आलं, "कापड वडिलांचं, दाणा माझा." छान उत्तर होतं. खोटं होतं हे नंतर कळलं.

सगळं उलगडलं ते खात्यावर. प्रोफॉर्मावर खातं फर्मच्या नावाने छापलेलं होतं. पण आपल्याकडे एनईएफटी-आरटीजीएसचे पैसे खाते क्रमांकावर जमा होतात. आपण वर नाव काय टाकलं याच्याशी बँक ते जुळवून बघत नाही. म्हणून प्रोफॉर्मावर कुणीही कुणाचंही नाव छापू शकतो. एनईएफटी-आरटीजीएसच्या आधी खातेदाराचं नाव दाखवायची सोय 1 एप्रिल 2025 पर्यंत सुरू करायला रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं होतं. तुमच्या नेट बँकिंगमध्ये नवीन खातं जोडताना ती दिसते का बघा. दिसत नसेल तर आयएमपीएसने एक रुपया टाका आणि पावतीवर आलेलं नाव वाचा. मी एक रुपया टाकला. नाव आलं ते तिसऱ्याच माणसाचं, आणि आयएफएससी कोड शोधला तर शाखा राजस्थानातली. विचारल्यावर, "आमचं करंट खातं सध्या ऑडिटमध्ये अडकलंय, हे अकाउंटंटचं आहे." ऑडिटमुळे पैसे जमा व्हायचं खातं बंद पडत नाही, भाऊ. मी तिथेच थांबलो असतो तरी चाललं असतं, पण उत्सुकता.

माझा माल सुरतहून ज्या ट्रान्सपोर्टने येतो, त्यांच्या बुकिंग क्लार्कला जीएसटीच्या पानावरचा सुरतचा पत्ता पाठवला. प्रोफॉर्मावरचा नाही, तो वेगळा असू शकतो. संध्याकाळी त्याने दुकानाचा फोटो टाकला. साड्यांचे गठ्ठे. मालक बिचारा वैतागलेला होता. दाण्याचं विचारायला आलेला त्या महिन्यातला हा तिसरा माणूस, आणि आधीचा एक जण तर पैसे देऊन आला होता. माणूस पाठवायला मला लागला चहा-नाश्त्याचा खर्च.

तुमचं खरं म्हणणं असं असेल, की नाव जुळणारं खातंही काढता येतं. येतं. साड्यांच्या दुकानाच्या नावाशी मिळतंजुळतं नाव घेऊन उद्यम नोंदणी करायची आणि करंट खातं उघडायचं. उद्यम प्रमाणपत्र स्वतःच्या घोषणेवर मिळतं, दुकानात कुणी बघायला येत नाही. पोर्टलच्या शिक्क्याचंही तेच. तो बहुधा एवढंच सांगतो की या सभासदाने कुठलीतरी कागदपत्रं दिली आणि वर्गणी भरली. दाणा देईल असं तो शिक्का सांगत नाही.

नवीन पार्टीसाठी मी आता एक गोष्ट करतो, ती आधीच्या लेखात घालायला हवी होती. दोन गोण्या मागवतो, पूर्ण बिलावर, माझा जीएसटी नंबर टाकून. वरच्या भावाने 50 किलोचे 3,400 आणि कर 612, म्हणजे 4,012 रुपये. माल कसा आहे ते मशीनवर कळतंच, पण मला हवं असतं ते बिल. महिन्याला रिटर्न भरणाऱ्या व्यापाऱ्याने पुढच्या महिन्याच्या 11 तारखेपर्यंत GSTR-1, म्हणजे विक्रीच्या बिलांचा रिटर्न भरला, की 14 तारखेला ते बिल माझ्या GSTR-2B मध्ये, म्हणजे मला आलेल्या बिलांच्या यादीत दिसतं. तिथे त्याच नंबराखाली माझं 4,012 चं बिल आलं, तर बिल देणाऱ्याच्या हातात त्या नंबराचं लॉगिन आहे. साड्यांच्या दुकानदाराचा नंबर चोरणाऱ्याला हे जमत नाही, कारण रिटर्न दुकानदाराचा सीए भरतो आणि त्याला माझ्या दोन गोण्या माहीतच नसतात.

अडचण एकच. पाच कोटींच्या आत उलाढाल असलेले बरेच व्यापारी तिमाही रिटर्न भरतात. एप्रिलचं बिल मग जुलैच्या 13 तारखेपर्यंत भरलं जातं, मधल्या महिन्यात त्याने आयएफएफने, म्हणजे फक्त बिलं आधी टाकायच्या सोयीने टाकलं तर वेगळं. म्हणून 2B मध्ये लगेच दिसलं नाही तर ठग म्हणू नका, आधी Show Filing Table मध्ये तो महिन्याने भरतो की तिमाहीने ते बघा. कुणी म्हणेल ई-वे बिल मागा, ते तर त्याच दिवशी दिसतं. दिसतं, पण ट्रान्सपोर्टरही त्याच्या लॉगिनमधून दुसऱ्याच्या नंबरावर ते काढू शकतो, म्हणून माझा भर त्यावर नाही.

एवढं करूनही एक प्रकार सुटतो. ज्याचा नंबर त्याचाच आहे, दोन गोण्या चांगल्या देतो आणि दहा टनांत माती देतो. त्याला कागद पकडत नाही. तिथे ॲडव्हान्सऐवजी लोडिंगला पैसे : आपला माणूस किंवा दलाल गोदामात, त्याने निवडलेल्या गोण्या फोडून बघायच्या, भरलेल्या गाडीची काट्याची पावती, मग पैसे. दलाल किलोमागे काही पैसे घेतो आणि ते मला खटकत नाहीत.

माल दुसराच उचलतो, हेही खरं. थांबल्यामुळे दोनदा माझा चांगला भाव हुकला आहे, आणि त्या दोन्ही पार्ट्या खऱ्या निघाल्या. पण त्या दोघांनी 'आज संध्याकाळपर्यंत' असं म्हटलं नव्हतं. एकाने तर स्वतःहून गोदामाची लोकेशन टाकली होती. 82 च्या बाजारात 68 ला देणाऱ्याला घाई का असते, हे मात्र मी आता विचारतो.

एक्सपोर्टवाल्यांचे दोन मेल आलेत, त्यांच्यासाठी थोडक्यात. तिकडेही घोटाळा हाच, फक्त उलटा : ठग खरेदीदार बनून येतो. माझ्या आतेभावाला बेदाण्यासाठी इंग्लंडच्या एका कंपनीची चौकशी आली. कंपनी क्रमांक तिथल्या Companies House च्या फुकट यादीत जुळला, कंपनी जुनी. पण मेल आला होता तो त्या कंपनीच्या डोमेनवरून नाही, मध्ये एक आडवी रेघ वाढवलेल्या डोमेनवरून, आणि डोमेन कधी नोंदलं ते सांगणाऱ्या WHOIS मध्ये ते डोमेन तीन आठवड्यांपूर्वीचं. पुढच्या मेलमध्ये सॅम्पल पास करून घ्यायची फी मागितली. आतेभावाने कंपनीच्या खऱ्या वेबसाइटवरचा नंबर शोधून फोन केला. त्या नावाचा खरेदी अधिकारी त्यांच्याकडे नव्हताच. मेलखाली छापलेल्या नंबरावर फोन केला असता तर अर्थातच तो भेटला असता.

तुमच्या प्रकरणात मला एक कळलं नाही. पैसे टाकल्यावर बँकेच्या पावतीवर खातेदाराचं नाव कोणतं आलं होतं? प्रोफॉर्मावरचंच आलं असेल तर तसं लिहा. मग ते खातं कुठल्या कागदावर उघडलं ते तपासी अधिकाऱ्याला बँकेकडून मागवता येईल, आणि तुमच्या तक्रारीत ती ओळ असायला हवी.