चारचे आठ केले की रिलीज आणखी लांबते

“प्रोजेक्ट लेट आहे ना? मग टीम डबल करा. चार जणांचं सहा आठवड्यांचं काम आठ जण तीन आठवड्यांत संपवतील. नवे लोक सीनियर असले की केटीला दोन दिवस पुरतात. आणि अगदी नाहीच झाला उपयोग, तरी नुकसान काय?”

आधी केटीचं, म्हणजे नव्यांना काम समजावून देण्याचं बघू. दोन दिवसांत लॅपटॉपवर कोड चालू होतो, तोही नशीब असेल तर. पण रिफंडचं रेकॉर्ड रात्रीच्या जॉबमध्ये मुद्दाम का वगळलंय, हे कुठेच लिहिलेलं नसतं. ते चार जुन्यांपैकी एकाच्या डोक्यात असतं, आणि नवा माणूस कितीही सीनियर असला तरी त्यालाच जाऊन विचारतो. म्हणजे केटीचा वेळ जातो तो जुन्यांचा, ज्यांच्या जिवावर रिलीज उभी आहे.

आता गणित. आकडे मी धरलेले आहेत, आपापल्या टीमचे घालून बघा. शिल्लक काम २४ मॅन-वीक, म्हणजे चौघांचे सहा आठवडे. पहिले तीन आठवडे नव्यांकडून हाती लागेल असं काही नाही आणि जुन्यांचा निम्मा वेळ शिकवण्यात, रिव्ह्यूत जातो. एरवी १२ मॅन-वीक काम झालं असतं, ते ६ होतं. उरले १८. चौघांत वाटलेलं काम आठ जणांत नव्याने तोडायचं, पुन्हा जोडायचं, त्यातले मर्ज कॉन्फ्लिक्ट सोडवायचे. त्याचे ४ धरा. झाले २२. यापुढे जुने पाऊण वेगाने, नवे निम्म्या वेगाने, म्हणजे आठवड्याला ५. आणखी साडेचार आठवडे. एकूण साधारण साडेसात, आणि माणसं न वाढवता सहाच लागत होते!

जुने पूर्ण वेगाने का नाहीत? चौघांत बोलायच्या जोड्या ६ असतात, आठ जणांत २८. सगळ्या रोज बोलत नाहीत हे मान्य, पण स्टँडअप लांबतो आणि स्टेजिंग सर्व्हर मात्र एकच असतो.

“नुकसान काय” याचं उत्तर इथेच मिळालं. ते दिसतंही लवकर: नवे आल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत जुन्यांचे किती बदल मर्ज झाले आणि रिव्ह्यूची रांग किती वाढली, एवढंच मोजा.

आयबीएमच्या ओएस/३६० चं काम सांभाळलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्ये हाच नियम मांडला, आणि तो अतिसुलभ केलेला आहे हेही स्वतःच सांगितलं. ते खरंच आहे. वरच्याच हिशेबात शिल्लक काम चौघांचं २० आठवड्यांचं असतं, तर माणसं वाढवून ते साडेअठरात आलं असतं. नवे पुढे पूर्ण रुळले तर आणखी आधी. शेवटच्या सहा आठवड्यांत घ्यायचाच तर हाच कोड पूर्वी लिहिलेला माणूस घ्या, किंवा टेस्ट डेटा बनवण्यासारखं सुटं काम काढून द्या. नाहीतर दोन फीचर पुढच्या रिलीजला ढकला.