ईएल साठवली म्हणजे पैसा साठवला?

«भावांनो, ईएल जपून ठेवा. साठलेली रजा म्हणजे साठलेला पैसा, ती कुणी काढून घेत नाही. नोकरी सोडताना सगळी रोख मिळते. सीएल डिसेंबरात एकदम घ्यायची. मध्येच घरचं काम निघालं तर बिनपगारी टाका, पण ईएलला हात लावू नका.»

गेल्या काही महिन्यांत जळगावच्या दुकानांत काम करणाऱ्या बऱ्याच जणांच्या मोबाइलवर हा मेसेज फिरतोय. ईएल म्हणजे काम करून कमावलेली अर्जित रजा, सीएल म्हणजे किरकोळ रजा. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. हा सल्ला कुठून आला असावा याचा अंदाजही येतो. आपल्याकडे भुसावळमुळे नात्यात एखादा तरी रेल्वेवाला असतोच. रेल्वेत वर्षाला ३० दिवस भरपगारी रजा मिळते. ती १ जानेवारी आणि १ जुलैला पंधरा-पंधरा दिवस करून खात्यात पडते, ३०० दिवसांपर्यंत साठते आणि निवृत्तीला तिचे पैसे मिळतात. रेल्वेतल्या काकांनी हा सल्ला पुतण्याला दिला तर त्यांच्या नोकरीपुरता तो बरोबरच आहे. पण पुतण्या कापडाच्या शोरूममध्ये काउंटरला उभा असतो, आणि त्याला लागू होणारा कायदा वेगळा आहे.

तो कायदा म्हणजे महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७. रजेचं सगळं त्याच्या कलम १८ मध्ये आहे. पुढचं सगळं त्याला धरून आहे. चार-पाच माणसांच्या दुकानाला आणि मॅनेजरच्या पदावरच्या माणसाला हे कलम लागू नाही, त्यांचं शेठशी ठरलं असेल तेच खरं. तीस-चाळीस माणसं असलेल्या शोरूममधल्या सेल्समन, कॅशिअर आणि गोडाऊनवाल्यांनी मात्र नीट वाचावं.

सगळ्यात मोठी गफलत साठवण्याच्या मर्यादेत आहे. इथे ईएल जास्तीत जास्त ४५ दिवस साठते. वर्षभरात २४० किंवा जास्त दिवस काम केलं की पुढच्या वर्षी दर २० दिवसांच्या कामामागे एक दिवस रजा मिळते. म्हणजे २८० दिवस भरले तर १४. तीन-साडेतीन वर्षं कुणी रजेला हातच लावला नाही तर ४५ चा आकडा येतो, आणि तिथून पुढे नवीन रजा येत राहते पण मावत नाही.

आकड्यांत बघू. समजा एका सेल्समनची पोळ्याच्या सुमारास ३८ दिवस ईएल शिल्लक आहे. त्याचे यंदा २८० दिवस भरणार आहेत, म्हणजे १ जानेवारीला आणखी १४ येणार. बेरीज ५२ होते, मर्यादा ४५ ची, तेव्हा ७ दिवस वरचे. पगार १५,६०० असेल आणि २६ दिवसांचा हिशेब धरला तर रोज ६०० पडतो. म्हणजे ४,२०० रुपयांची रजा कागदावरून पुसली जायची वेळ आली आहे, आणि हा माणूस मात्र आपण बचत करतोय अशा समजुतीत आहे. काही दुकानं नवीन रजा जमा करतानाच ४५ वर कापतात, काही वर्ष संपताना कापतात. आपल्याकडे कधी कापतात हे हिशेबनिसाला विचारा. पण बेतायचं असेल तर कडक पद्धत धरूनच बेता: येणारी १४ पंचेचाळीसमधून वजा करा, उरली ३१. एकतीस डिसेंबरला आपली शिल्लक ३१ च्या वर नको. वरच्या सेल्समनला त्याआधी ७ दिवस संपवायचे आहेत.

आता हे ७ दिवस कधी मागायचे, हा प्रश्न रजेच्या नियमाइतकाच बाजाराचा आहे. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत कोणताही शेठ काउंटरवरचा माणूस सोडत नाही. तुळशीचं लग्न लागलं की लग्नाची खरेदी सुरू होते. गणपती आणि नवरात्र यांच्या मधल्या पितृपक्षात मात्र कापड आणि सोनं घ्यायला फारसं कुणी फिरकत नाही, सेल्समन कपड्यांच्या घड्या घालत बसलेले असतात. कायद्यात अर्ज १५ दिवस आधी देण्याला महत्त्व आहे. पोळा अमावास्येला असतो आणि पितृपक्ष पौर्णिमा उलटल्यावर लागतो, मध्ये नेमका पंधरवडा. पोळ्याच्या दिवशी किंवा त्याच्या आदल्या दिवशी अर्ज दिला की पितृपक्षाच्या आठवड्याची रजा अगदी नियमात बसते. गणपती विसर्जनाच्या गडबडीत सुचलं तर उशीर झालेला असतो. हे हुकलंच तर दुसरी फट डिसेंबरच्या उत्तरार्धात धनुर्मासात मिळते, पण तेव्हा वर्ष संपत आलेलं असतं आणि तुमच्यासारखेच दहा जण रांगेत असतात.

हा अर्ज तोंडी करू नका, कारण वरच्या दिवसांचे पैसे मिळण्याचा हक्क त्या कागदावर उभा आहे. १५ दिवस आधी मागितलेली देय रजा मालकाने नाकारली, तर ४५ च्या वर जाणाऱ्या रजेचे पैसे मागायचा हक्क कामगाराला मिळतो. मागितलीच नाही तर नाकारली असं कसं म्हणणार? «दिवाळीनंतर बघू रे» हे काउंटरवरचं उत्तर कुठेही नोंदलेलं नसतं. अर्ज चार ओळींचा पुरतो:

«मा. व्यवस्थापक, माझ्या खात्यावर ३८ दिवस अर्जित रजा शिल्लक आहे. त्यापैकी ७ दिवसांची रजा अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत मंजूर करावी. रजा देणे शक्य नसल्यास तसे कृपया या अर्जावर लिहून द्यावे.»

खाली तारीख आणि सही, आणि दुसऱ्या प्रतीवर «मिळाला» अशी त्यांची सही. सही द्यायला कुरकुर झाली तर त्याच दिवशी अर्जाचा फोटो मॅनेजरच्या व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. शिल्लक किती हे आधी पगारपत्रकावर किंवा रजेच्या रजिस्टरवर बघून घ्या. मनातला आकडा आणि रजिस्टरवरचा आकडा बरेचदा जुळत नाही, आणि भांडण झालं तर रजिस्टरवरचाच चालतो.

नोकरी सोडतानाच्या रोखीचंही असंच आहे. मालकाने काढून टाकलं तर शिल्लक ईएलचे पैसे द्यावे लागतात. स्वतःहून सोडत असाल तर कायद्यातलं वाक्य असं आहे की रजा मागितली, ती नाकारली गेली आणि मग कामगाराने नोकरी सोडली, तर पैसे द्यायचे. बरेच चांगले मालक अर्ज वगैरे न विचारता देतात, ती त्यांची रीत. पण राजीनाम्याचा कागद एका खिशात असेल तर रजेचा अर्ज दुसऱ्या खिशात हवा, आणि तो आधी द्यायचा. मंजूर झाला तर रजा मिळाली, नाकारला तर पैशाचा हक्क पक्का झाला. नोटिशीच्या काळात तर हे हमखास करावं.

सीएलबद्दल थोडक्यात. वर्षाला ८ दिवस, तिमाहीगणिक जमा होणारी, म्हणजे दोन-दोन. वर्ष संपलं की उरलेली जाते, पुढे सरकत नाही आणि तिचे पैसे होत नाहीत. तेव्हा सगळी डिसेंबरासाठी ठेवणं म्हणजे लग्नाच्या सिझनमध्ये आठ दिवस मागणं, आणि शेठने नको म्हटलं की ३१ तारखेला आठही बुडाले. पहिल्या तिमाहीतली सीएल पहिल्या तिमाहीतल्या अडचणीला वापरा. एकाच दिवसाचं काम असेल, दवाखाना असो की तहसील, आणि सीएल खात्यात असेल, तर ईएलमधून दिवस घालवू नका. कारण सीएल बुडणारच आहे आणि ईएल ४५ पर्यंत तरी टिकते.

पण त्या मेसेजमधला सगळ्यात घातक भाग बिनपगारीचा आहे. बिनपगारी दिवस २४० मध्ये धरला जात नाही. ईएल घेऊन घरी राहिलेला दिवस त्या २४० मध्ये धरला जातो. हा फरक वर्षाच्या शेवटी कसा अंगावर येतो ते बघा. वर्षाचे ३६५ दिवस, त्यातून ५२ साप्ताहिक सुट्ट्या, ८ सणांच्या सुट्ट्या आणि ८ सीएल वजा केल्या की २९७ उरतात. चोपड्याकडच्या कुणाचे वडील आजारी पडले, त्यात कापूस वेचणी आली, आणि तो तुकड्या-तुकड्यांत मिळून ५८ दिवस बिनपगारी घरी राहिला. कामाचे दिवस २३९. एका दिवसाने २४० हुकले, आणि एरवी मिळाली असती ती अकरा-बारा दिवसांची पुढच्या वर्षाची ईएल शून्य झाली. त्याच्या खात्यावर वीस-पंचवीस दिवस पडून होते. त्यातला एक दिवस जरी ईएलमध्ये टाकला असता तरी तो २४० वर गेला असता. दहा टाकले असते तर सहा हजार रुपये पगारही हातात पडला असता.

म्हणून लांबचं काम निघालं की आधी मस्टरवरचे आपले भरलेले दिवस मोजा. सप्टेंबरअखेर दोनशेच्या आसपास असाल तर उरलेल्या तीन महिन्यांत काही अडचण येऊ शकते असं धरून चाला, आणि पुढची सुट्टी बिनपगारी न टाकता ईएलमधून मागा. बाळंतपणाच्या रजेचे दिवस कायद्याने २४० मध्ये धरले जातात, त्यासाठी बायकांनी वेगळं काही करायची गरज नाही. कामावर अपघात होऊन घरी बसावं लागलं तर तेही धरले जातात. तो काळ मस्टरवर बिनपगारी म्हणून लागला नाही ना, एवढं मात्र तपासा. ईएसआयसीचं कार्ड असेल तर मोठ्या आजारात तिकडून साधारण ७० टक्के मजुरी मिळू शकते. डॉक्टरचा दाखला घेऊन आधी तिकडे जा.

राहिली आखाजी, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया. ह्या मेसेजमध्ये तिचा उल्लेखही नाही, आणि आपल्याकडे वर्षातली सगळ्यात जास्त भांडणं त्याच सुट्टीवरून होतात. माहेरी जायचं असतं, भाऊ न्यायला येतो, आणि दुकानात अक्षय्य तृतीयेची सोन्याची गर्दी. आखाजी एप्रिल-मे मध्ये येते. तिमाहीच्या सुरुवातीला सीएल टाकणाऱ्या दुकानात तोपर्यंत जास्तीत जास्त ४ दिवस जमलेले असतात, तेही आधी खर्चले नसतील तर. पण कायद्यात सणांच्या ८ पगारी सुट्ट्या आहेत. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर ठरलेल्या, आणि उरलेल्या चार स्थानिक परंपरेप्रमाणे मालक आणि कामगारांनी मिळून वर्ष सुरू होण्याआधी ठरवायच्या असतात. बहुतेक दुकानांत ही यादी शेठ एकटाच करतो, आणि तेही कुणी विचारत नाही म्हणून. डिसेंबरात, यादी भिंतीवर लागायच्या आधी, दहा जणांनी सही करून मागणी द्या की त्या चारांत आखाजी धरा. सराफ दुकानात त्या दिवशी बंद ठेवणं जमणार नाही हे उघड आहे, कापडवाल्याला जमू शकतं. श्रावणातल्या कानबाईच्या सणालाही हेच लागू. स्थापना रविवारी होते, पण विसर्जन सोमवारी, आणि तुमची साप्ताहिक सुट्टी तिसऱ्याच वारी असेल तर दोन्ही दिवस सीएलमधून जातात. एक दिवस यादीत आला तर एक सीएल वाचते.