रोज रात्री मन खणायचं?

"घटस्फोटानंतर रोज रात्री झोपण्याआधी मनातलं सगळं वहीत लिहून काढा. जितकं खोल जाल तितकं लवकर मोकळं व्हाल. 'असं का झालं' याचं उत्तर सापडलं की स्वतःवरचा विश्वास परत येतो. 21 दिवस करून बघा."

हे मला चार जणींनी पाठवलं, त्यातल्या दोघी मावश्या. मी ते 21 नाही, 43 रात्री केलं. नेरूळचं घर सोडून ठाण्यात कोलबाडला भाड्याच्या खोलीत आले होते, तेव्हाची गोष्ट. म्हणून यातल्या एकेका वाक्याचा हिशेब मांडते. हिशेब हेच माझं काम आहे, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याचे जमाखर्च मी बघते.

आधी "रोज रात्री झोपण्याआधी". सगळ्यात जास्त नुकसान मला याच वाक्याने केलं. मी अंथरुणावर बसून लिहायचे. साडेदहाला सुरू केलेलं लिखाण साडेबाराला थांबायचं आणि मग दोनपर्यंत डोळे टक्क उघडे. निद्रानाशावर काम करणारे लोक पहिलीच अट घालतात की अंथरूण फक्त झोपेसाठी. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही तर उठून दुसरीकडे बसायचं, झोप आली की परतायचं आणि सकाळी उठायची वेळ मात्र बदलायची नाही. मी नेमकं उलटं करत होते. गादीवर टेकलं की डोकं आपोआप खटल्याच्या तारखेला उभं राहायचं. एका खोलीत 'दुसरीकडे' कुठे बसणार, हा प्रश्न खराच होता. शेवटी ओट्याशेजारी प्लास्टिकची खुर्ची टाकली.

आता "जितकं खोल जाल तितकं". हे वाक्य कुठून आलं ते बघण्यासारखं आहे. 1986 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी विद्यार्थ्यांना आयुष्यातल्या धक्क्यांबद्दल लिहायला लावलं होतं. रोज 15 मिनिटं आणि तेही फक्त चार दिवस. त्यातून काहींना फायदा झालेला दिसला. चार दिवसांचं 'रोज' कुणी केलं, देव जाणे.

पुढे अ‍ॅरिझोना विद्यापीठात डेव्हिड स्बारा आणि सहकाऱ्यांनी हाच प्रयोग नुकत्याच विभक्त झालेल्या 90 जणांवर केला. तो 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. काहींनी खोल भावना लिहिल्या, काहींनी त्याच भावना गोष्टीसारख्या क्रमाने मांडल्या आणि काहींनी भावना बाजूला ठेवून दिवस कसा जातो एवढंच लिहिलं. जी माणसं मुळातच सतत 'का, का' करत अर्थ शोधत बसणारी होती, त्यांच्यात भावना लिहिणारे काही महिन्यांनी जास्त त्रासात सापडले. नुसता दिवस लिहिणारे त्यांच्यापेक्षा बरे होते. हा एकच अभ्यास आहे आणि माणसंही तिकडची, त्यामुळे 'लिहिणं वाईट' असं त्यातून निघत नाही. ज्याचं मन एका जागी गरगरत नाही, त्याने खुशाल लिहावं.

आपलं मन गरगरतंय हे ओळखायचं कसं? माझ्या समुपदेशक मॅडमनी सोपी परीक्षा सांगितली. म्हणाल्या, "पहिलं पान वाचा, मग शेवटचं वाचा. नवीन काय सापडलं ते मला सांगा." मी वाचलं. 'त्या दिवशी तो दारातच थांबला आणि काही बोलला नाही' हे वाक्य 43 पानांत 31 वेळा होतं. शब्दसुद्धा तेच. एका पानावर तर पेन इतकं दाबलं होतं की मागच्या पानावर अक्षरं उमटली होती.

"का झालं याचं उत्तर" या मुद्द्यावर फार बोलण्यासारखं नाही. त्या उत्तराचा अर्धा भाग दुसऱ्या माणसाकडे असतो आणि तो देणार नसतो. वकिलाला घटनांची तारीखवार यादी लागते ती वेगळी. मारहाण, धमक्या, पैशांची अडवणूक झाली असेल तर ती यादी जरूर करा, पण दिवसाउजेडी टेबलावर बसून, आणि काम झालं की फाइल बंद.

मॅडमनी मला भावनांची वही बंद करून दिवसाचा तक्ता लिहायला सांगितलं. मी स्टेशनरीच्या दुकानातून चक्क लाल पुठ्ठ्याचं रोजमेळाचं पुस्तक आणलं. डावीकडे वेळ आणि काय केलं, उजवीकडे दोन आकडे, दोन्ही 0 ते 10 मध्ये. पहिला बरं किती वाटलं याचा, दुसरा आपल्याला किती जमलं याचा. रात्री नाही, संध्याकाळी सातला पाच मिनिटांत भरायचं. पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट उघड झाली. मला वाटत होतं सगळेच दिवस सारखे वाईट जातात, पण शून्य आणि एकचे आकडे जवळजवळ सगळे रविवारी दुपारी चार ते सातमध्येच पडले होते. नेरूळला त्या वेळेत आम्ही आठवड्याची भाजी आणायला जायचो. तेव्हा भरायची होती ती ही तीन तासांची पोकळी, अख्खं आयुष्य नव्हे.

मग "स्वतःवरचा विश्वास". घटस्फोटानंतर माझं एकच पालुपद होतं, 'माझी पारखच चुकीची, माझं मला काही कळत नाही.' आईही फोनवर म्हणायची, "अगं, आता तरी आमचं ऐक." मॅडमनी उजवीकडे आणखी एक रकाना काढायला लावला. बाहेर पडण्याआधी बरं किती वाटेल याचा अंदाज लिहायचा, आल्यावर प्रत्यक्ष आकडा. रविवारी साडेचारला मासुंदा तलावाला दोन फेऱ्या मारायच्या ठरवल्या. अंदाज 2, प्रत्यक्ष 5. पुढच्या रविवारी मैत्रिणीकडे नौपाड्यात, अंदाज 3, प्रत्यक्ष 6. सासरच्या एका ओळखीच्या घरचा साखरपुडा, अंदाज 4, प्रत्यक्ष 1. महिन्याअखेर ताळा केला तेव्हा दिसलं की साध्या गोष्टींत मी दोन-तीन आकडे कमी धरते आणि जुन्या गोतावळ्यात जास्त धरते. म्हणजे पारख मेलेली नव्हती, एका दिशेला कललेली होती, आणि कललेला काटा दुरुस्त करता येतो. पुढचा जोडीदार कसा निवडावा हे मात्र यातून कळत नाही; रोजमेळाला तेवढं झेपत नाही.

सोबत रोज सकाळी स्वतःला दिलेलं एकच वचन लिहायचं, आणि मुद्दाम लहान. 'सातला उठणे.' 'वीजबिल भरणे.' सुरुवातीला मी 'रोज योगासनं, स्वयंपाक, इंग्रजीचा क्लास' असं लिहिलं आणि आठवड्यात सातही दिवस मोडलं. एकच आणि लहान केल्यावर सातांपैकी पाच दिवस पाळलं गेलं.

राहिले 21 दिवस. हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने 1960 मध्ये लिहिलेल्या निरीक्षणातून पसरला. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान तेवढे दिवस लागतात, एवढंच ते होतं. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी साध्या सवयी लागायला किती दिवस जातात ते मोजलं तेव्हा सरासरी 66 दिवस आली, आणि माणसागणिक 18 ते 254. माझं सातला उठणं अंगवळणी पडायला साधारण तीन महिने लागले. मध्ये कोर्टाची तारीख आली की आठवडाभर सगळं विस्कटायचं. ते मी तक्त्यात लाल पेनाने लिहायचे, म्हणजे घसरण कशाची ते कळायचं.

आणि दोन आठवडे जेवण-झोप गेलेली असेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर वही-तक्ता दोन्ही बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आणि चोवीस तास.

माझं दुसरं रोजमेळाचं पुस्तक जूनमध्ये अर्ध्यावर थांबलं. थांबवायचं असं काही ठरवलं नव्हतं. अकरा दिवस भरायचं राहून गेलं, आणि ते लक्षात आलं तेव्हा रविवारचे सहा वाजले होते, मी भाजी निवडत होते.