उणे साठची शांतता

माझ्या ऑडिओबुकचं नववं प्रकरण काल तिसऱ्यांदा परत आलं. साभार परतीत निदान 'आभार' तरी असतात. इथे कंपनीचा एका ओळीचा मेल : कमाल पातळी मर्यादेबाहेर, दुरुस्त करून पाठवा. त्याआधीचा मेल होता, पार्श्वभूमीचा आवाज जास्त. त्याआधीचा, सरासरी पातळी कमी. दुसऱ्या खेपेला दोन दोष होते, पण त्यांनी एकच सांगितला. दुसरा बहुधा मला परत बोलावायला राखून ठेवला असावा, सरकारी कचेरीत झेरॉक्सची एक प्रत कमी निघते तसा.

मी घरी बसून एका कादंबरीचं ऑडिओबुक रेकॉर्ड करते आहे. 'घरी बसून' म्हणजे बेडरूमच्या कपाटात डोकं घालून. खालचा खण काढलाय, आत माइक आहे, माइकच्या मागे कपडे आणि माझ्या डोक्यावरून आजीची गोधडी. एक अनुभव सांगून ठेवते : पैठण्यांचा काही उपयोग होत नाही. आवाज पितात ते जाड, मऊ, मळखाऊ कपडे. स्वेटर, रजई, नवऱ्याचा कॉलेजातला कोट. पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज पुन्हा चालू करायचा विसरू नये म्हणून स्कूटरची किल्ली फ्रिजमध्ये ठेवते. किल्ली मिळाल्याशिवाय बाहेर पडता येत नाही, म्हणून फ्रिज आठवतो. ही युक्ती आवाजाच्या धंद्यातल्या लोकांची आहे आणि अचूक चालते, फक्त घरातल्या दुसऱ्या माणसाला सांगून ठेवावं लागतं. मी सांगितलं नव्हतं. त्यावर आमच्याकडे जे बोलणं झालं ते उणे तीनच्या बरंच वर गेलं.

हे उणे तीन म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्या आकड्यांचं आहे. डिजिटल आवाजात शून्य हे छत. त्याच्या वर काही नाही. गेलात तर आवाज फाटतो. म्हणून सगळी मोजमापं उण्यात. माझ्या कंपनीची अट अशी : वाचनाची सरासरी, जिला हे लोक आरएमएस म्हणतात, उणे 23 ते उणे 18 डेसिबलमध्ये हवी. सगळ्यात मोठा आवाज उणे 3च्या वर जाता कामा नये. आणि मी गप्प असताना खोली जे काही बोलते ते उणे 60च्या खाली राहिलं पाहिजे. पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर, समोर बांधकाम चालू असताना. म्हणून रेकॉर्डिंग रात्री साडेअकरानंतर.

नवव्या प्रकरणाचे माझे मूळ आकडे होते : सरासरी उणे 26, सर्वोच्च उणे 7, शांतता उणे 62. म्हणजे वाचन हळू आवाजात, बाकी सगळं उत्तम. मला वाटलं, सोपं आहे, सगळं पाच डेसिबलने वर उचलू. उचललं. सरासरी उणे 21 झाली, वा! पण उचलताना माझा आवाज तेवढा वर येतो आणि खोली खालीच राहते असं नसतं. आमटी वाढवायला पाणी घातलं की मीठही पातळ होतं, तसंच हे उलट्या बाजूने. शांतताही पाचने चढून उणे 57 झाली आणि सर्वोच्च उणे 2. एका दुरुस्तीत दोन नवे गुन्हे.

मग मी सॉफ्टवेअरमधलं गोंगाट घालवायचं साधन लावलं. ते खोलीच्या आवाजाचा नमुना घेतं आणि सगळीकडून तो वजा करतं. थोडं लावलं तर ठीक असतं. मी रागाच्या भरात लावलं. शांतता झाली उणे 66, आणि माझा आवाज स्टीलच्या पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा. 'स' आणि 'श' तर संपूर्ण प्रकरणभर चिवचिवत होते. गंमत म्हणजे याबद्दल कंपनीने चकार शब्द काढला नाही. त्यांच्या यंत्राला पिंप कळत नाही, उणे 2 कळतं.

आता नानांकडे येते, कारण त्यांच्याशिवाय हे पुढे सरकणार नाही.

नाना आमच्या खाली राहतात. वीज मंडळातून निवृत्त. सोसायटीच्या हॉलमध्ये पहाटे प्राणायाम शिकवतात. माझं कपाट आणि त्यांची बाथरूम यांच्यामध्ये फक्त एक डक्ट आहे, हे बांधकाम व्यावसायिकाला माहीत होतं, मला नव्हतं.

रेकॉर्डिंगच्या आधी एक मिनिटभर खोलीची शांतता टिपून ठेवावी लागते. प्रत्येक फाइलच्या सुरुवातीला अर्धा ते एक सेकंद आणि शेवटी एक ते पाच सेकंद शांतता सोडायची असते, आणि ती खरी लागते. संगणकाचं कोरं शून्य जोडलं तर कानाला खड्डा पडल्यासारखं वाटतं. ऐकणाऱ्याला वाटतं फोनच बंद पडला. तर मी ते मिनिट टिपत होते आणि बेल वाजली.

दारात नाना, गळ्यात मफलर. मे महिन्यात.

"वहिनी, काय चाललंय?"

"शांतता रेकॉर्ड करतेय, नाना."

ते थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी काही बोललो तर मोडणार?"

"मोडलीच."

"बरं. मग बोलतोच. ते भाऊसाहेब. काल रात्री तुम्ही 'फाटकापाशी भाऊसाहेब थांबले, पण परत फिरले नाहीत' हे वाक्य चौदा वेळा म्हणालात. मी मोजले. चौदाव्यांदा थांबलात आणि दिवा घालवून झोपलात. ते फिरले का नाही शेवटी?"

मी सांगितलं, की वाक्यात फ, भ, थ, प सगळे एका रांगेत आहेत, आणि प-फ-भ म्हणताना तोंडातून हवेचा जो झोत निघतो तो माइकच्या पडद्यावर धपकन आदळतो. त्यावर उपाय दोन. एक, मध्ये जाळी. मी भरतकामाच्या रिंगणात जुना नायलॉनचा मोजा ताणून लावलाय. दुसरा, तोंड माइकच्या अगदी समोर न धरता जरा कडेला, म्हणजे झोत बाजूने निघून जातो.

"ते तांत्रिक झालं," नाना म्हणाले. "फिरले का?"

"पुढच्या प्रकरणात कळतं."

"मग ते आधी वाचा."

हे एवढ्यावर संपलं असतं तर मी लेख लिहिला नसता. नाना आत आले, बसले आणि म्हणाले, "तुमचा प्रॉब्लेम श्वासाचा आहे. खालून मला ऐकू येतो. वाक्याच्या सुरुवातीला तुम्ही गर्जता आणि शेवटी विझता. श्वास नाकाने घ्या, पूर्ण, बेंबीपर्यंत, आणि मग वाचा." त्यांनी करूनही दाखवलं. शिट्टी वाजली.

मी मूर्खासारखं ऐकलं. रात्री नाकाने पूर्ण श्वास घेऊन तीन पानं वाचली. ऐकली तर प्रत्येक वाक्याआधी एक सूक्ष्म कुकर. शिवाय छाती काठोकाठ भरलेली, म्हणून पहिले दोन शब्द उणे 15ला आणि वाक्याचं क्रियापद उणे 29ला. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं, म्हणजे भाऊसाहेबांनी नेमकं काय केलं तेच ऐकू येईना. खरी रीत उलटी निघाली : तोंड किंचित उघडं ठेवून, आवाज न करता, पोटातून अर्धाच श्वास, आणि पुढचा कुठे घ्यायचा त्याची पेन्सिलने आधीच संहितेत खूण. श्वास पुरला की पातळीही पुरते. तरी जे श्वास ऐकू येतात ते कापून टाकायचे नाहीत. मी एकदा सगळे कापले होते, तर ऐकताना माझाच जीव घाबरा झाला. आठ-दहा डेसिबलने खाली दाबायचे, बस. नानांचं निदान मात्र बरोबर होतं, हे मी त्यांना सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

पण मूळ प्रश्न तसाच होता. आठ प्रकरणं पास झाली, नववंच हळू का? खोली तीच, माइक तोच, मी तीच. उत्तर काल सापडलं. नववं प्रकरण सुरू करण्याच्या दिवशी नवऱ्याने ट्यूबलाइट बदलायला माझं स्टूल नेलं आणि परत आणलं नाही. मी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले. खुर्चीला पाठ असते. पाठ असली की माणूस टेकतो. स्टुलावर माझं तोंड माइकपासून वीतभर असायचं, खुर्चीत ते हातभर झालं. एक हात म्हणजे दोन वीत. आणि अंतर दुप्पट झालं की थेट पोहोचणारा आवाज सुमारे सहा डेसिबलने घटतो. खोलीची घरघर मात्र माइकला पूर्वीइतकीच ऐकू येते, ती काही माझ्याबरोबर मागे टेकत नाही.

म्हणजे तीन दिवस मी जे बटणांनी वर उचलत होते ते एक वीत पुढे सरकून मिळालं असतं. स्टूल गॅलरीत होतं, त्यावर तुळस. तुळस उतरवली, स्टूल आणलं, अंगठा ओठाला आणि करंगळी मोज्याच्या जाळीला लावून अंतर मोजलं आणि सगळं प्रकरण पुन्हा वाचलं. सरासरी उणे 20, शांतता उणे 62, हात न लावता. सर्वोच्च उणे 1 गेलं, कारण भाऊसाहेबांची आई दोनदा किंचाळते. तिला लिमिटरने उणे 3.5वर अडवलं, दोनच शिखरं छाटली, बाकी आवाजाला धक्का नाही.

आता हिशेब. प्रकरण आहे 31 मिनिटांचं. मानधन मिळतं 'तयार तासा'वर, म्हणजे या 31 मिनिटांचंच. माझे अकरा तास गेलेत. ट्यूबलाइट बदलायला आलेल्या वायरमननेही याहून जास्त पैसे घेतले असते. पण तो वायरमन आमच्याकडे बोलावला जात नाही, म्हणून तर स्टूल जातं.

आज सकाळी चौथा मेल आला. पातळ्या ठीक. मात्र बाकीच्या फाइली मोनो असून ही स्टीरिओ आहे. सगळ्या एकसारख्या हव्यात. 44.1 किलोहर्ट्झ मी बघितलं होतं, 192चा स्थिर बिटरेट बघितला होता, एमपी3 बघितलं होतं. एक चौकोन बघायचा राहिला. एकाच तोंडातून निघालेला एकच आवाज मी त्यांना डाव्या आणि उजव्या कानासाठी वेगवेगळा पाठवला होता.

ती दोन मिनिटांत दुरुस्त केली आणि पाठवली. मग रात्री दहावं घ्यायला बसले. किल्ली फ्रिजमध्ये, सांगून. स्टुलाच्या पायाला दोरी बांधून कपाटाला गाठ मारलेली. गोधडी ओढली आणि आधी शांततेचं मिनिट सुरू केलं. दहा सेकंद. तीस. काटा उणे 63वर स्थिर, इतका सुंदर की मी स्वतःचा श्वासही अर्धाच घेत होते. पन्नास. पंचावन्न.

डक्टमधून हळूच, अगदी जपून, कोणीतरी म्हणालं, "झाली का हो शांतता?"