महाराज गेल्यावर पंथ खरंच बिघडतो का?

यंदा एम. ए.च्या वर्गाला गुरुकेंद्री चळवळींवर निबंध लिहायला दिला होता. मुलंमुली बीड, परभणी, लातूरच्या खेड्यांतून आलेली. घरात कुठल्या ना कुठल्या महाराजांचा फोटो असतोच, त्यामुळे विषय त्यांच्या ओळखीचा. पण बहुतेक निबंधांचा निकाल एकच निघाला : महाराज होते तोवर सगळं शुद्ध होतं, ते गेले आणि नुसता कारभार उरला. आपल्याकडे पारावरही हेच ऐकू येतं. मला हे पटत नाही, आणि ते का पटत नाही हे इथे जरा सविस्तर लिहिते. कारण या प्रश्नाची जगातली एक उत्तम नोंद आपल्या मराठीत, आपल्या गोदाकाठाशी जोडलेली आहे, आणि आम्ही मात्र वर्गात परदेशी उदाहरणं घोकत बसतो.

आधी थोडं जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबरविषयी. वेबर १९२० मध्ये वारला आणि अधिसत्तेवरचं त्याचं बरंचसं लिखाण नंतर छापून आलं. करिश्मा हा माणसाच्या अंगचा गुण आहे की नाही, याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नव्हतं. लोक तो मानतात, म्हणून त्या माणसाचा शब्द चालतो, एवढंच तो म्हणतो. अशा माणसाभोवती जमणाऱ्यांना पगार नसतो, पद नसतं, नियमांचं पुस्तक नसतं. भिक्षेवर किंवा कुणी दिलेल्या दानावर भागतं. हे सगळं त्या एका माणसाच्या सहवासावर उभं असतं. म्हणून तो गेला की प्रश्न नुसत्या दुःखाचा राहत नाही. ज्यांनी घरदार सोडलं त्यांनी उद्या कुणाचं ऐकायचं, कुणाच्या आधाराने जगायचं, आपण सोडलेलं वाया गेलं नाही हे कशावरून मानायचं? त्या जवळच्या मंडळींची ही गरजच करिश्म्याला रोजच्या व्यवहारात उतरवते. वेबर यालाच नित्यीकरण म्हणतो. नवा अवतार शोधणं, गुरूंनी वारस नेमणं, शिष्यांनी एकाला निवडणं, मुलाकडे वारसा जाणं, किंवा अधिकार माणसाकडून पदाकडे जाणं, अशा वाटा तो सांगतो. एकदा माणूस गेला की यातली कुठली तरी वाट धरावीच लागते. न धरणारा पंथ विरून जातो आणि त्याचं नावही आपल्यापर्यंत येत नाही. म्हणजे ‘कारभार झाला’ ही तक्रार मुळातच अपुरी आहे. कोणता कारभार, कुणाच्या हाती, कशाच्या बळावर, हे विचारायला हवं.

आता महानुभाव पंथाकडे या. तेराव्या शतकातले चक्रधरस्वामी पैठणला, वेरूळला, गोदेच्या काठाकाठाने हिंडले. बायका, शूद्र, विद्वान ब्राह्मण असे सगळ्या थरांतले लोक त्यांच्यामागे गेले. घर नको, नातेसंबंध नकोत, भिक्षा मागा, फिरत राहा, ही त्यांची शिकवण. वेबरने वर्णन केलेली करिश्म्याची मांडणी इथे जवळजवळ जशीच्या तशी दिसते. १२७० च्या दशकात स्वामी गेले. पंथ त्याला मृत्यू मानत नाही, ते उत्तरापंथे, म्हणजे उत्तरेच्या वाटेने, निघून गेले असं मानतो. त्यामुळे समाधी नाही. देह एका जागी ठेवलेला नाही, म्हणून त्या जागेचा मालकही नाही. पुढे काय घडलं हे समजून घेताना ही गोष्ट लक्षात ठेवा.

शिष्य लगेच पोरके झाले नाहीत. स्वामींच्या सांगण्यावरून ते वऱ्हाडात ऋद्धिपूरला गोविंदप्रभूंकडे गेले. गोविंदप्रभू स्वतः अवतार मानले जात आणि स्वामींचे गुरूही. लोक त्यांना राऊळ म्हणत, वेडेही म्हणत. ते होते तोवर वारसाचा प्रश्न पुढे ढकलला गेला. तेही गेल्यावर खरी कसोटी लागली. आता साक्षात परमेश्वर मानावा असं जवळ कुणी उरलं नव्हतं.

तेव्हा पुढे आले नागदेवाचार्य, म्हणजे भटोबास. मला त्यांच्याविषयी फार आदर आहे, आणि तो भक्तीपेक्षा समाजशास्त्राच्या वाटेने आला आहे. ते सहावे अवतार झाले नाहीत. पंथाचे पंचकृष्ण म्हणजे श्रीकृष्ण, दत्तात्रेय, चांगदेव राऊळ, गोविंदप्रभू आणि चक्रधर. यादी तिथे संपते. या बंद यादीचं महत्त्व किती आहे पाहा. त्यानंतर पंथात जो कुणी मोठा होईल तो आचार्य होईल, महंत होईल, देव होणार नाही. त्याचा शब्द मोठा, पण स्वामींच्या शब्दाखालचा. त्याला प्रश्न विचारता येतो, ‘स्वामींनी असं कुठे सांगितलं?’ असं अडवता येतं. नागदेवांच्या आठवणी ‘स्मृतिस्थळा’त आहेत. त्यात शिष्य त्यांना सतत विचारताना दिसतात आणि ते स्वामींचा दाखला देऊन उत्तर देतात. अधिकार पदात उतरतो तो असा.

पण दाखला द्यायचा तर स्वामींचं बोलणं कुठेतरी हवं. इथे स्वामींचे शिष्य म्हाइंभट येतात. ऋद्धिपूरच्या वाजेश्वरीत बसून त्यांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केलं. ज्यांनी जे पाहिलं-ऐकलं त्यांच्याकडून त्यांनी आठवणी मिळवल्या आणि नागदेवांकडून पारखून घेतल्या. स्वामी कुठे बसले, काय जेवले, कुणाला रागावले, कुणाची समजूत काढली, असे बारीकसारीक प्रसंग त्यात आहेत. परंपरा सांगते की मूळ पोथी पुढे धामधुमीत गेली आणि ज्यांना ती पाठ होती त्यांच्याकडून पुन्हा उभी केली गेली. म्हणून आज एकाच लीळेचे वेगवेगळे पाठ मिळतात आणि हा पाठ हिराइसेचा, तो परशरामबासांचा, असं नाव लावून मिळतात. आठवणींत फरक पडला तर एक दाबून दुसरी ठेवायची असं त्यांनी केलं नाही. मला हे विलक्षण वाटतं. ज्या पंथाला गुरूची आठवण कुणा एकाच्या ताब्यात द्यायची असते, तिथे पाठभेद जगत नाहीत. गुरूच्या दहा वर्षांच्या सहवासातल्या पन्नास माणसांकडून जर एकसारखी, गुळगुळीत झालेली एकच गोष्ट ऐकू येत असेल, तर मधे कुणीतरी हात फिरवला आहे असं समजावं.

नागदेवांचे शिष्य केसोबास यांनी याच लीळांमधून स्वामींची वचनं वेगळी काढून ‘सूत्रपाठ’ केला आणि ११४ दृष्टांतांचा ‘दृष्टांतपाठ’ही लावला. चालता-बोलता माणूस आधी आठवणींत उतरला आणि मग सूत्रांत. प्रसंग गळला की वचनाचा नियम होतो. एखाद्या शिष्याला एका दुपारी सांगितलेली गोष्ट सगळ्यांना सर्वकाळ लागू होते. यात काही हरवतं हे खरं. पण लीळा टिकल्या असल्यामुळे सूत्राचा प्रसंग पुन्हा शोधता येतो, ही सोय फार थोड्या पंथांकडे आहे. याच केसोबासांना संस्कृतात लिहायचं होतं तेव्हा नागदेवांनी अडवलं. त्याने माझ्या म्हाताऱ्या वंचित होतील, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्ञान कुणाच्या हातात राहणार, हे ठरवण्याची ती घडी होती आणि आचार्य म्हाताऱ्यांच्या बाजूने उभे राहिले.

समाधी नसल्याची उणीव जागांनी भरली. स्वामी जिथे बसले, निजले, जेवले तिथे ओटे बांधले गेले. ‘स्थानपोथी’त या जागांच्या खुणा लिहून ठेवल्या आहेत. तिथला दगड, त्यांच्या स्पर्शाच्या वस्तू पूजेत आल्या. करिश्मा एका देहातून निघून शेकडो ठिकाणी वाटला गेला, आणि म्हणून एका गादीला तो कोंडून ठेवणं अवघड झालं.

सगळं चांगलंच झालं असं मी म्हणत नाही. नागदेवांनंतर बाइदेवबास आणि पुढची पिढी आली, आणि पंथ फुटत गेला. परंपरा तेरा आम्नाय, म्हणजे शाखा, सांगते, त्यातले उपाध्ये आणि कवीश्वर हे मोठे. फिरस्ते भिक्षू मठांत स्थिरावले. आणि पोथ्या सांकेतिक लिप्यांत गेल्या, त्यातली सकळा लिपी सगळ्यांत प्रसिद्ध. पावित्र्य आणि रक्षण ही कारणं दिली जातात, ती खोटी आहेत असं मला वाटत नाही. पण परिणाम पाहा. ज्या म्हाताऱ्यांसाठी संस्कृत नाकारलं, त्यांच्या पणतींना मराठी असूनही ते वाचता येईना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही लिपी बाहेरच्या अभ्यासकांना उलगडेपर्यंत बाकीचा महाराष्ट्र या गद्याला मुकला. माझ्या मते या पंथातलं खरं नुकसान इथे झालं. ते गादीमुळे किंवा मठामुळे झालं नाही, आठवणीचं दार आतून लावल्यामुळे झालं.

नांदेडचं उदाहरण याच्या शेजारी ठेवण्यासारखं आहे. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंहांनी तिथे देह ठेवला. चौथ्या गुरूंपासून गुरुपद सोढी घराण्यात चालत आलं होतं, पण त्यांची चारही मुलं आधीच मारली गेली होती. त्यांनी नवा माणूस नेमला नाही. गुरुपद ग्रंथाला दिलं आणि निर्णय पंथाकडे सोपवला. त्याआधीच, खालसा स्थापनेच्या सुमारास, त्यांनी मसंद मोडीत काढले होते. मसंद म्हणजे भाविकांकडून भेटी गोळा करणारे गुरूचे प्रतिनिधी, जे हळूहळू आपापल्या भागात स्वतःच गुरू होऊन बसले होते. म्हणजे पैसा ज्या हातांतून फिरतो तिथेच अधिकार साचतो, हे ओळखून त्यांनी जिवंतपणीच ती गाठ तोडली. संस्थापकाने स्वतः विचारपूर्वक केलेलं नित्यीकरण यापेक्षा स्पष्ट क्वचितच सापडेल.

आपल्या आसपास आज महाराज जातात तेव्हा बहुतेक ठिकाणी यातलं काहीच ठरलेलं नसतं. ठरलेला असतो तो ट्रस्ट. विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. दोन गट दोन वेगळे रिपोर्ट देतात आणि भांडण वर्षानुवर्षं चालतं. एकीकडे मुलगा किंवा पुतण्या, दुसरीकडे वीस-वीस वर्षं सेवा केलेला शिष्य. दोघंही ‘महाराजांनी मलाच सांगितलं होतं’ म्हणतात आणि ऐकणारा तिसरा कुणी नसतो. कायदा विश्वस्त कोण हे ठरवू शकतो. महाराजांच्या शब्दाचा अर्थ कोण सांगणार, हे त्याच्या आवाक्यात नाही. त्या पोकळीत मग कुणाच्या तरी अंगात महाराज येऊ लागतात, आणि यादी पुन्हा उघडते.

म्हणून भाविकांना माझं सांगणं आहे, आणि त्यात भक्तीचा अवमान मुळीच नाही. गादीवर कोण बसलं यावर सगळी शक्ती घालवू नका. महाराजांच्या सहवासातली म्हातारी माणसं अजून आहेत. स्वयंपाक करणाऱ्या बायका, गाडी चालवणारा, गोठ्यात राबलेला माणूस. त्यांच्या आठवणी त्यांच्या नावासकट, जुळत नसतील तर न जुळवता लिहून घ्या, आणि वह्यांच्या प्रती ट्रस्टच्या कपाटाबाहेर, निदान चार घरांत ठेवा. नव्या गादीधराला दोनच प्रश्न विचारा : तुम्ही महाराजांच्या शब्दाखाली आहात की त्यांच्या जागी? आणि तुमचं चुकलं तर आम्ही दाखला कुठला द्यायचा?