प्रतिक्रियेला उत्तर : पाणी वजन धरत नाही, संख्या धरते

"ग्लोब्युलिन अल्ब्युमिनच्या दुप्पट जड, मग पाणी जास्त तेच धरणार ना? टोटल प्रोटीन नॉर्मल असेल तर सूज प्रोटीनमुळे येऊच शकत नाही. फायब्रिनोजेनचा आकडाही चुकलाय. खेड्यातल्या लॅबवाल्यांनी रक्त काढावं, शरीरशास्त्र शिकवू नये."

नमस्कार भाऊ,

अल्ब्युमिन, ग्लोब्युलिन आणि फायब्रिनोजेन या रक्तातल्या प्रथिनांवर मी लिहिलं होतं, त्यावरची ही तुमची प्रतिक्रिया. फायब्रिनोजेनचं मान्य. ३०० मिलिग्रॅमच्या जागी ग्रॅम पडलं होतं, दुरुस्त केलं. पण तुमचं शेवटचं वाक्य मला झोंबलं. बावीस वर्षं तालुक्याच्या गावात सीरम वेगळं करतोय मी. चूक दाखवा, हजारदा दाखवा. गाव कशाला काढता?

आता तुमचं पहिलं वाक्य. किलोभर तूर आणि किलोभर काबुली चणा घ्या. वजन सारखंच, पण दाणे तुरीत कितीतरी जास्त. केशवाहिनीच्या भिंतीतून पाणी सहज जातं, प्रथिनं सहजासहजी जात नाहीत. आत अडकलेले हे कण पाणी आत ओढून धरतात, आणि ही ओढ कणांच्या संख्येवर ठरते. अल्ब्युमिनचा रेणू ग्लोब्युलिनच्या साधारण निम्म्या वजनाचा, म्हणून तेवढ्याच ग्रॅममध्ये त्याचे कण दुप्पट. शिवाय रक्तात ते आहेही जास्त. एकूण २८ मिलिमीटर दाबातले जवळपास २२ एकट्या अल्ब्युमिनचे, सहा ग्लोब्युलिनचे. फायब्रिनोजेनचा वाटा नगण्य; त्याचं काम रक्त गोठवण्याचं.

हे मला पुस्तकाआधी घरात कळलं. आमच्या मोठ्या बाबांच्या सुजलेल्या नडगीवर अंगठा दाबला की खड्डा पडायचा, आणि तो बराच वेळ तसाच राहायचा. एका डॉक्टरांनी टोटल प्रोटीन ७.० पाहिलं, "प्रोटीन नॉर्मल आहे" म्हणाले आणि घरी धाडलं. खालच्या दोन ओळी कुणी वाचल्याच नाहीत : अल्ब्युमिन २.१, ग्लोब्युलिन ४.९. निरोगी माणसात हेच ७.० म्हणजे ४.५ आणि २.५. ढोबळ हिशेब करा. अल्ब्युमिनच्या प्रत्येक ग्रॅमला दोन गुण, ग्लोब्युलिनला एक. निरोगी माणसाचे ११.५ होतात, बाबांचे ९.१. बेरीज तीच, ओढ पाचव्या हिश्श्याने कमी. ओढ कमी झाली की पाणी केशवाहिनीबाहेर झिरपतं, तीच सूज. यकृत खराब झालं होतं. अल्ब्युमिन यकृतच बनवतं, म्हणून ते घटलं. गॅमा ग्लोब्युलिन प्रतिकारपेशी बनवतात, ते वाढलं आणि बेरीज झाकून गेलं. यकृताच्या रोगात पोटातल्या शिरांचा दाबही वाढतो, त्यामुळे सगळं पाणी अल्ब्युमिनच्या खात्यावर मी टाकत नाही. पण "येऊच शकत नाही" हे मात्र चूक आहे.

टोटल आणि अल्ब्युमिन आम्ही मोजतो, ग्लोब्युलिन वजाबाकीने येतं. पुढच्या वेळी रिपोर्ट हातात आला की आधी अल्ब्युमिनची ओळ वाचा. टोटल नंतर पाहा.