निवृत्त साहेबांचा परिचय आणि ट्रस्टची गरज

आमच्या ट्रस्टच्या सल्लागार समितीसाठी येणारे परिचय आधी माझ्याकडे येतात. मी कार्यवाह, म्हणजे चहापासून चेंज रिपोर्टपर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. मोठ्या कंपन्यांतून निवृत्त झालेली मंडळी येतात ती मनापासून येतात, यात शंका नाही. पण तीन पानं वाचूनही हा माणूस आपल्या टेबलाशी बसून नेमकं काय करील, ते कळत नाही. नोकरीसाठी केलेला बायोडाटाच वरची दोन वाक्यं बदलून पाठवलेला असतो. माझं मत स्पष्ट आहे: हा परिचय हुद्द्यांचा नको, कामाचा हवा. आणि आपल्याला काय येत नाही, तेही त्यात हवं.

एक उदाहरण सांगते, त्या गृहस्थांना विचारूनच. आमचा ट्रस्ट तालुक्याच्या गावी डायलिसिस केंद्र चालवतो. 8 मशीन, दोन पाळ्या. हे साहेब एका अभियांत्रिकी कंपनीचे खरेदीप्रमुख होते. परिचयाची सुरुवात 'द्रष्टे नेतृत्व' अशी. मग 600 कोटींची वार्षिक खरेदी, कॉस्ट ऑप्टिमायझेशन, व्हेंडर रॅशनलायझेशन. आणि शेवटी, 'ट्रस्टच्या मालमत्तांमधून अधिक उत्पन्न मिळवून संस्थेला नफाक्षम करण्याची इच्छा.'

समितीत एक निवृत्त मुख्याध्यापिका, एक डॉक्टर, एक वकील आणि एक धान्याचे व्यापारी. व्यापारी म्हणाले, "600 कोटींवाला माणूस आपली सलाईनची बिलं काय बघणार?" वकिलांचं बोट मात्र शेवटच्या वाक्यावर होतं.

कंपनीच्या जगात शोभणारं ते वाक्य ट्रस्टमध्ये माणसं बिथरवतं. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता विकायची, अदलाबदल करायची किंवा बक्षीस द्यायची, तर सार्वजनिक न्यासांच्या कायद्यातल्या कलम 36 खाली धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते. शेतजमीन 10 वर्षांहून जास्त आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत 3 वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यावर द्यायची, तरी तेच. 'नफाक्षम' या शब्दाचंही तसंच. आयकरातली सूट टिकवायची तर वर्षाच्या उत्पन्नातले किमान 85 टक्के संस्थेच्या उद्देशांवर लावावे लागतात. 15 टक्क्यांहून जास्त शिल्लक राहिली, तर ती कशासाठी राखून ठेवतोय ते ठराव करून आणि फॉर्म भरून सांगावं लागतं, आणि तीही जास्तीत जास्त 5 वर्षांसाठी. कंपनीत शिल्लक दाखवली की टाळ्या पडतात. आमच्याकडे ऑडिटर विचारतो, "हे पैसे खर्च का नाही झाले?"

मी त्यांना फोन केला. म्हटलं, "साहेब, 600 कोटी राहू द्या. तुमच्या टेबलावर रोज काय यायचं ते सांगा." थोडा वेळ ते गडबडले. मग सहज म्हणाले, "अहो, निम्मं आयुष्य मेंटेनन्स काँट्रॅक्ट वाचण्यात गेलं."

आम्हाला नेमकं तेच हवं होतं! डायलिसिसमध्ये मशीनइतकंच महत्त्व पाण्याला असतं. एका रुग्णाच्या चार तासांच्या एका बैठकीला साधारण 120 लिटर शुद्ध केलेलं पाणी लागतं, आणि ते एकाच आरओ प्लँटमधून सगळ्या मशीनना जातं. तो बंद पडला की 8 मशीन चांगली असूनही केंद्र बंद. त्या दिवसाचे 16 रुग्ण जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवायचे, तेही तिथे जागा असेल तर. वॉरंटी संपली की देखभालीचा करार दोन प्रकारचा मिळतो. एएमसीत इंजिनियरची फेरी आणि मजुरी येते, सुट्या भागांचे पैसे वेगळे. सीएमसी महाग, पण त्यात भाग धरलेले असतात, म्हणजे तसं सांगितलं जातं. खरं काय ते शेवटच्या पानावरच्या 'वगळलेले भाग' या यादीत असतं, आणि ती यादी आमच्यापैकी कोणी नीट वाचत नव्हतं.

मग त्यांना परिचय पुन्हा लिहायला सांगितला. अर्धं पान, स्वतःच्या शब्दांत. आला तो असा:

'मी 32 वर्षे कारखान्यांच्या खरेदी विभागात होतो, शेवटची 9 वर्षे प्रमुख. यंत्रांच्या देखभालीचे करार मी स्वतः वाचत असे. दर मागवणे, वगळलेल्या भागांवर घासाघीस करणे, यंत्र बंद राहिल्यास दंडाची अट घालणे आणि तो दंड वसूल करणे, हे मी केले आहे. एकदा सहा कॉम्प्रेसरचे करार एकाच पुरवठादाराला दिले. पैसे वाचले, पण पुढच्या वर्षी त्याने अडवून धरले. वैद्यकीय उपकरणे, औषधे आणि धर्मादाय कायदा यांची मला माहिती नाही. देणग्या मिळवण्यात माझा उपयोग नाही. माझा भाचा वैद्यकीय साहित्याचा वितरक आहे. त्याचे दरपत्रक आल्यास त्या विषयाला मी बाहेर बसेन. महिन्यातून दोन दिवस येऊ शकतो. मार्च ते मे मुलीकडे परगावी असतो.'

व्यापाऱ्यांना सगळ्यात जास्त आवडलं ते भाच्याचं वाक्य. दुसऱ्या कोणी ते बाहेरून ऐकवलं असतं, तर कुजबूज झाली असती. आधीच कागदावर आल्यामुळे तो फक्त इतिवृत्तातल्या एका ओळीचा विषय झाला. सीएसआरबद्दल मीही कान टोचते. 'माझ्या जुन्या कंपनीचा निधी आणून देईन' असं अनेक जण परिचयात लिहितात. तो निधी कंपनीचं संचालक मंडळ मंजूर करतं, निवृत्त साहेब नव्हे. तुमची पेन्शन, शेअर्स, कन्सल्टन्सी असं काही त्या कंपनीशी अजून बांधलेलं असेल तर ते लिहा. निधीचं आश्वासन नको.

आणखी एक गोंधळ नेहमी असतो. परिचयावर 'विश्वस्तपदासाठी' लिहिलेलं असतं आणि मनात असतं सल्लागारपद. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट जातो आणि नोंदणी पुस्तकात नाव लागतं. पैशाचा गैरवापर झाला तर जबाब त्यालाच द्यावा लागतो. सल्लागाराचं नाव तिथे जात नाही; संस्थेच्या नियमावलीत वेगळं नसेल तर त्याला मतही नसतं. म्हणून त्याने चेकवर सही करू नये, कामगारांना परस्पर सूचना देऊ नयेत. हे कंपनीतल्या माणसाला जड जातं, कारण तिथे सल्ला आणि हुकूम यांत फारसं अंतर नसतं. आम्ही नेमणुकीच्या पत्रातच लिहितो: मुदत एक वर्ष, मानधन नाही, प्रवासखर्च प्रत्यक्ष, आणि कोणते कागद बघायला मिळतील त्याची यादी.

साहेबांच्या परिचयातली 'मार्च ते मे' ही ओळ मात्र मला सर्वांत उपयोगी पडली. आमचे करार एप्रिलमध्ये संपतात. नेहमीप्रमाणे मार्चअखेर बैठक ठेवली असती, तर ते नसते. बैठक फेब्रुवारीत घेतली. कराराचं शेवटचं पान त्यांनी आधी उघडलं. 'सर्वसमावेशक' म्हणून विकलेल्या त्या करारात आरओचे मेंब्रेन वगळलेले निघाले.